विंचूदंशाचा नकाशा: महाड-पोलादपूरमधला लाल ठिपका खरा की योगायोग?

रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ बिरवाडी नावाचं गाव आहे. १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचं नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. त्यांच्याकडे विंचू चावलेले रुग्ण येत आणि त्यातले काही डोळ्यांदेखत दगावत. विंचवावर तेव्हा नेमकं औषध नव्हतं. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून लक्षणांच्या नोंदी ठेवल्या आणि मृत्यू हृदयावरच्या ताणामुळे, फुप्फुसात पाणी भरून होतो हे दाखवलं. १९८२ मध्ये ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा विंचूदंशावरचा उपयोग छापून आला. गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते पुढे १ टक्क्याच्या जवळ आलं. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ही गोष्ट अनेकांना माहीत असते. तिच्यातूनच निघणारा पुढचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. गोळी लवकर मिळाली तरच तिचा पूर्ण फायदा होतो. मग ती कुठल्या उपकेंद्रात आधी पोहोचली पाहिजे? गंभीर विंचूदंश नेमके कुठे जास्त होतात?

याचं उत्तर शोधायला नकाशा लागतो. रोग कुठे होतो आणि तिथेच का होतो, हे अभ्यासणाऱ्या शाखेला अवकाशीय रोगशास्त्र म्हणतात. नकाशा काढण्यासाठी आज क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर आहे आणि साधा लॅपटॉप पुरतो. पण नकाशा काढणं जितकं सोपं, तितकंच त्यावरून फसणंही सोपं. महाड-पोलादपूरच्या विंचवाचं उदाहरण घेऊन हे सगळं क्रमाने समजून घेऊ.

आधी ठरवा: 'केस' कशाला म्हणायचं?

कोकणात विंचू एकाच जातीचा नसतो. मोठा काळा विंचू दिसायला भीतीदायक असतो, पण त्याचा दंश बहुतेक वेळा वेदनेवर थांबतो. आकाराने लहान असलेला लाल विंचू जीवघेणा ठरतो. त्याचं शास्त्रीय नाव हॉटेन्टोटा टॅम्युलस. जुन्या लेखनात तो मेसोबुथस टॅम्युलस या नावाने सापडतो.

रजिस्टरमध्ये दोघांचीही नोंद 'विंचूदंश' अशी एकाच शब्दात होते. तसाच नकाशा काढला, तर काळ्या विंचवाचं गाव आणि लाल विंचवाचं गाव सारखंच दिसेल आणि औषध चुकीच्या ठिकाणी जाईल.

मारलेला विंचू रुग्णासोबत येतोच असं नाही. म्हणून लक्षणांवरून केस ठरवावी लागते. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. त्यामुळे उलट्या होतात, घामाच्या धारा लागतात, हातपाय गार पडतात आणि मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता येते. यातली लक्षणं दिसली तर 'गंभीर दंश', नुसती वेदना असेल तर 'साधा दंश', अशी दोन खाती सुरुवातीलाच करायची. औषधाच्या नियोजनासाठी आपला नकाशा फक्त पहिल्या खात्याचा असेल.

मग पत्ता: घर कुठलं आणि विंचू कुठे चावला?

रजिस्टरमध्ये रुग्णाचा पत्ता असतो. नकाशाला हवी असते घटनेची जागा. घरात रात्री अंथरुणात विंचू चावला असेल तर दोन्ही एकच. पण लाकूडफाटा उचलताना किंवा दगड हलवताना चावला असेल, तर जागा दुसऱ्या गावाच्या हद्दीत असू शकते.

कोकणात याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे चाकरमानी. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून माणसं गावी येतात. वर्षभर बंद असलेली घरं उघडली जातात, कोपऱ्यातलं सामान हलवलं जातं. अशा वेळी कुणाला विंचू चावला आणि रजिस्टरमध्ये आधार कार्डावरचा पत्ता उतरवला गेला, तर ती केस कागदोपत्री भांडुपची किंवा डोंबिवलीची होते. नकाशा काढणारा माणूस 'तालुक्याबाहेरचे' म्हणून ती ओळ गाळतो. केस महाडमध्ये घडलेली असते, पण महाडच्या नकाशावर ती कुठेच नसते.

म्हणून रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवणं सगळ्यात उपयोगाचं ठरतं: 'विंचू चावला ते गाव व वाडी'. नंतर कितीही चांगलं सॉफ्टवेअर वापरलं, तरी हा न विचारलेला प्रश्न त्यातून भरून निघत नाही.

गावाचं नाव लिहितानाही घोळ होतो. एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि एकाच नावाच्या वाड्या वेगवेगळ्या गावांत असतात. त्यामुळे नावाऐवजी जनगणनेचा गावकोड वापरायचा. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड आहे. वाडीला मात्र वेगळा कोड नसतो. डोंगरातली वाडी गावठाणापासून तासभर चालीच्या अंतरावर असली, तरी नकाशावर ती त्याच गावाच्या रंगात जाते. ही मर्यादा आधीच लिहून ठेवलेली बरी.

नकाशा काढताना होणाऱ्या तीन चुका

गावांच्या सीमांची फाईल आणि केसेसचा तक्ता गावकोडवर जोडला की नकाशा तयार होतो. या टप्प्यावर तीन चुका हमखास होतात आणि तिन्ही ओळखता येतात.

पहिली चूक म्हणजे जोडणी केली तरी नकाशा कोराच राहतो. बहुतेक वेळा कोड एका फाईलमध्ये आकडा म्हणून आणि दुसऱ्या फाईलमध्ये मजकूर म्हणून साठवलेला असतो. दोन्हीकडे तो मजकूर करून टाकायचा. जोडल्यावर किती गावं जुळली आणि किती सुटली, हे मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी चूक अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल. महाड साधारण १८.०८ उत्तर अक्षांश आणि ७३.४२ पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे भरले तर महाडचा ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो. सगळे ठिपके तिकडे गेले तर चूक लगेच दिसते. पण दोनशेपैकी पाचच उलटे असले, तर पडद्यावर महाड मोठं करून पाहणाऱ्याला ते दिसतच नाहीत. त्यासाठी एकदा संपूर्ण जग पडद्यावर आणून पाहायचं.

तिसरी चूक अंतराची. आरोग्य केंद्राभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ हवं असतं आणि आपण फक्त ५ टाकतो. नकाशा अंशांमध्ये असेल तर ते ५ अंश होतात, म्हणजे सुमारे साडेपाचशे किलोमीटर. अंतर मोजायचं असेल तर आधी मीटरमध्ये चालणारी मापनपद्धत निवडायची आणि मग ५००० टाकायचं. या भागासाठी तिचा कोड आहे:

```
EPSG:32643
```

किती केसेस, की किती जणांमागे केसेस?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. समजा आपण १०० गावांचा तीन वर्षांचा तक्ता केला. पुढचे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत, ते प्रत्यक्षातले नाहीत. एकूण लोकसंख्या १,५०,००० आणि गंभीर दंश ३००. म्हणजे तीन वर्षांत दर हजारी २.

त्यातली तीन गावं पाहू. 'अ' गावात ३,००० लोक आहेत आणि ९ केसेस. 'ब' गावात २५० लोक आणि ३ केसेस. 'क' गावात १,२०० लोक आणि ९ केसेस.

नुसत्या केसेसचा नकाशा काढला तर 'अ' आणि 'क' सारखेच लाल दिसतील. पण 'अ' मध्ये लोकच जास्त आहेत. म्हणून प्रत्येक गावासाठी 'अपेक्षित' आकडा काढायचा. सगळीकडे धोका सारखाच असता, तर या गावात किती केसेस झाल्या असत्या? दर हजारी २ या हिशेबाने 'अ' मध्ये ६, 'ब' मध्ये ०.५ आणि 'क' मध्ये २.४.

आता झालेल्या केसेसना अपेक्षित केसेसने भागू. 'अ' चं गुणोत्तर येतं १.५, 'क' चं ३.७५ आणि 'ब' चं थेट ६. या गुणोत्तराचा नकाशा काढला तर सगळ्यात गडद लाल गाव 'ब' होईल. व्हॉट्सॲपवर फिरणार तो हाच नकाशा, आणि 'या गावात सहापट धोका' हे वाक्यही त्याच्यासोबत फिरणार.

इथे थांबून विचारायला हवं: 'ब' मध्ये एकच केस कमी झाली असती तर? गुणोत्तर ६ वरून ४ वर आलं असतं. एकही केस झाली नसती तर शून्य. म्हणजे एकदोन माणसांच्या नशिबावर अख्ख्या गावाचा रंग ठरतोय. लहान गावांचं असंच असतं. ती नकाशावर एक तर सगळ्यात गडद दिसतात किंवा अगदी पांढरी. पोलादपूरच्या डोंगराळ भागात लहान वस्त्या खूप आहेत, म्हणून तिथे हा फसवा खेळ जास्त चालतो.

योगायोग किती, हे एका सूत्रात

धोका सगळीकडे सारखाच असूनही केवळ योगायोगाने एवढ्या केसेस होण्याची शक्यता किती, हे स्प्रेडशीटमध्ये काढता येतं. 'क' गावात अपेक्षित २.४ असताना ९ किंवा त्याहून जास्त केसेस होण्याची शक्यता अशी मिळते:

```
=1-POISSON.DIST(8,2.4,TRUE)
```

सूत्रात ९ ऐवजी ८ का? कारण आपण 'आठपर्यंत' ची शक्यता १ मधून वजा करतोय. उरते ती 'नऊ किंवा जास्त' ची.

उत्तर येतं सुमारे ०.०००९, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. 'ब' साठी अपेक्षित ०.५ आणि केसेस ३ घेतल्या तर ०.०१४ येतं, म्हणजे साधारण सत्तरात एक. 'अ' साठी ०.१५, म्हणजे सातात एक.

सत्तरात एक ही शक्यता ऐकायला फार कमी वाटते. पण आपण गावं किती तपासली? शंभर. त्यात 'ब' एवढीच लहान सत्तर गावं असतील, तर धोका सगळीकडे सारखा असूनही त्यातलं एखादं गाव 'ब' सारखं लाल दिसणं अपेक्षितच आहे. आधी भिंतीवर दगड मारायचा आणि तो लागला तिथे खडूने गोल काढून 'नेम बरोबर बसला' म्हणायचं, तसा हा प्रकार होतो. 'क' ची गोष्ट वेगळी आहे. शंभर गावं तपासली तरी इतकं टोकाचं गाव योगायोगाने सापडणं अवघड. म्हणून आधी चौकशी 'क' मध्ये करायची, जरी नकाशावर 'ब' जास्त लाल असला तरी.

हेच नकाशात उतरवण्याची एक सोपी युक्ती आहे. तिला दर गुळगुळीत करणं म्हणतात. ज्या गावाची माहिती थोडी, त्याचा दर सरासरीकडे जास्त ओढायचा. ज्याची माहिती भरपूर, त्याला फारसा हात लावायचा नाही. उदाहरण म्हणून झालेल्या आणि अपेक्षित अशा दोन्ही आकड्यांत २ मिळवून पुन्हा भागाकार करू. 'अ' १.५ वरून सुमारे १.४ वर येतो. 'क' ३.७५ वरून २.५ वर. आणि 'ब' ६ वरून थेट २ वर. क्रम बदलला, 'क' वर आला. इथे २ हा आकडा आपण सोयीसाठी घेतला. किती ओढायचं हे माहितीवरूनच ठरवणारं जिओडा नावाचं मोफत सॉफ्टवेअर मिळतं.

पुंजका एका गावात मावत नसेल तर?

विंचू महसुली हद्द पाळत नाही. दगडधोंड्यांचा एखादा उतार तीन गावांत पसरलेला असू शकतो. प्रत्येक गावात थोड्याच केसेस असतात, पण तिन्ही मिळून आकडा मोठा होतो.

यासाठी सॅटस्कॅन हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते नकाशावर लहानमोठी हजारो वर्तुळं ठेवून पाहतं आणि कुठल्या वर्तुळात अपेक्षेपेक्षा सगळ्यात जास्त गर्दी आहे हे शोधतं. मग तेवढ्याच केसेस लोकसंख्येच्या प्रमाणात ९९९ वेळा यदृच्छेने गावांत वाटून प्रत्येक वेळी तोच शोध घेतं. खऱ्या नकाशातला पुंजका या बनावट नकाशांतल्या सर्वांत मोठ्या पुंजक्यांपेक्षाही ठळक असेल, तरच तो योगायोगाच्या पलीकडचा मानायचा. 'आपण किती ठिकाणी पाहिलं' याचा हिशेब यात आपोआप धरला जातो.

मर्यादा एवढीच की वर्तुळ गोल असतं आणि सह्याद्रीतल्या खोऱ्यांतली वस्ती लांबट असते. नदीकाठाने पसरलेला पुंजका पकडताना वर्तुळ डोंगरापलीकडची गावंही आत ओढतं. त्यामुळे वर्तुळाची कड ही धोक्याची सीमा समजू नये.

पांढरं गाव सुरक्षित असतं का?

नकाशा रुग्ण दाखवत नाही, तो नोंदी दाखवतो. ज्या गावाहून दवाखाना जवळ आहे तिथले दंश रजिस्टरमध्ये येतात. लांबच्या वाडीतला माणूस झाडपाला लावून घरीच थांबतो, मांत्रिकाकडे जातो किंवा थेट महाडच्या खासगी दवाखान्यात पोहोचतो. त्या केसेस सरकारी तक्त्यात नसतात आणि वाडी पांढरी दिसते.

हे ओळखायची एक खूण आहे. आरोग्य केंद्रापासून जसजसं लांब जावं तसतसे साधे दंश कमी होत जातात, पण गंभीर दंश तेवढे कमी होत नाहीत, असं दिसलं तर लांबचे लोक फक्त जिवावर बेतल्यावरच दवाखान्यात येताहेत असं समजावं. सुरुवातीला केलेली दोन खाती इथे पुन्हा उपयोगी पडतात. अशा वाडीत आशा सेविकेने घरोघर विचारलं की खरा आकडा कळतो.

लोकसंख्येचा आकडाही तपासायला हवा. २०११ नंतर अनेक घरं मुंबईला गेली. भागाकारातला खालचा आकडा जुना आणि मोठा राहिला, तर दर खोटा कमी दिसतो. सणाच्या आठवड्यात उलटं होतं. गावात माणसं जास्त असतात आणि आपण जुन्याच आकड्याने भागतो. त्यामुळे सणाच्या केसेस वेगळ्या मोजलेल्या बऱ्या.

मग गोळी कुठे ठेवायची?

पुंजका सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. पुढचं काम पायी करायचं असतं. 'क' गावात जाऊन दंश घरात झाले की बाहेर, लाकडाची मोळी कुठे रचलेली आहे, दगडी जोत्यांत भेगा आहेत का, माणसं अनवाणी असतात का, हे विचारावं लागतं.

औषधाचा निर्णय मात्र केवळ दरावर घेता येत नाही. 'क' गाव आरोग्य केंद्रापासून दहा मिनिटांवर असेल आणि 'ब' सारखी वाडी दीड तासावर, तर 'ब' मधला एक रुग्णही जास्त धोक्यात आहे. इथे वर्तुळ काढून अंतर मोजणं उपयोगाचं नाही. पोलादपूरकडे सरळ रेषेत ४ किलोमीटर असलेलं गाव रस्त्याने कितीतरी लांब पडू शकतं, कारण मध्ये डोंगराची सोंड किंवा नदी असते. रात्री गाडी मिळायला लागणारा वेळही त्यात धरायला हवा. म्हणून दोन नकाशे शेजारी ठेवायचे. एक गंभीर दंशांच्या गुळगुळीत केलेल्या दराचा आणि दुसरा रस्त्याने लागणाऱ्या वेळेचा. जिथे दोन्ही गडद आहेत, तिथल्या उपकेंद्राला पहिला मान.

असे नकाशे गावाच्या पातळीपर्यंतच जाहीर करावेत. लहान वाडीतला एक ठिपका म्हणजे एक घर असतं आणि ते कुणाचं, हे सगळ्यांना कळतं.

विंचू चावल्यावर उलटी, भरपूर घाम किंवा गार पडलेले हातपाय यांतलं काहीही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा. मूल असेल तर तर अजिबात थांबू नका. आणि तिथे गेल्यावर 'विंचू नेमका कुठे चावला' ते गाव-वाडीसह आठवणीने लिहून घ्यायला सांगा. पुढच्या नकाशातला ठिपका त्यावरच ठरणार आहे.